मदत हवी आहे: पिन फिनच्या एकाच दांड्याची तीन उत्तरं, जर्नलमध्ये कोणतं लिहू?

हळदपेठ
सांगलीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पिन फिनचं प्रॅक्टिकल झालंय, जर्नल शुक्रवारी द्यायचंय आणि मी अडकलोय.

दांडा पितळी, व्यास 12 मिमी, लांबी 150 मिमी. बूड 90 अंशांवर, हवा 30 वर, पंखा बंद. पितळेची उष्णतावाहकता k 110 आणि दांड्यावरून हवेत उष्णता जाण्याचा गुणांक h 10 धरला. दांड्यातून किती वॅट बाहेर पडतात ते काढायचंय.

```
m = sqrt(4h/(kD)) = 5.5     mL = 0.826
M = sqrt(hPkA) * 60 = 4.11 W

लांब फिन     : q = M            = 4.11 W
बंद टोक      : q = M tanh(mL)   = 2.79 W
उघडं टोक     :                    2.82 W
```

दांडा जाडीच्या बारापट लांब आहे, म्हणून मी लांब फिनचं सूत्र घेतलं. शेजारच्या बॅचने बंद टोकाचं घेतलं. दोघांच्याही जर्नलवर सह्या झाल्यात! पण 4.11 आणि 2.79 दोन्ही बरोबर कसे असतील? शिवाय टोक तर डोळ्यांसमोर उघडं आहे, तिथून उष्णता जातच असणार. मग ते बंद मानायचं कशाच्या जोरावर?

मिरज_जंक्शन
लांब फिन विसर, त्या सूत्राला इथे जागा नाही. आम्ही कायम बंद टोकाचंच सूत्र वापरायचो आणि लांबीत अर्धा व्यास वाढवून घ्यायचो, म्हणजे टोकाचा हिशेब आपोआप होतो. तुझ्या दांड्याला 150 ऐवजी 156 धर. 2.86 येईल, तेच लिही.

कृष्णाकाठ
मिरजकरांची वाट बरोबर आहे, पण वाढ चुकली. जाडीचा अर्धा वाढवतात तो चपट्या फिनला. गोल दांड्याला व्यासाचा चौथा भाग, म्हणजे इथे 3 मिमी. कारण साधं आहे: टोकाच्या चकतीचं जेवढं क्षेत्रफळ, तेवढंच दांड्याच्या कडेचं क्षेत्रफळ 3 मिमी लांबीत मिळतं. 153 धरून बंद टोकाचं सूत्र लावलं की 2.82 येतं, म्हणजे उघड्या टोकाच्या लांबलचक सूत्राचंच उत्तर. 156 धरलं तर आधी सव्वा टक्का कमी पडत होतं, ते आता सव्वा टक्का जास्त होतं, एवढंच.

आता हळदपेठ, तुझ्या मूळ प्रश्नाकडे. फिन लांब की आखूड हे जाडीशी तुलना करून ठरत नाही, mL वरून ठरतं. लांब फिनच्या सूत्रात एक गोष्ट गृहीत आहे: टोकापर्यंत पोचेस्तोवर दांडा हवेइतकाच गार झालेला असतो. तुझ्या आकड्यांनी ते सूत्र टोकाला 56 अंश सांगतं आणि त्यापुढेही दांडा आहेच असं समजून तिथली उष्णतासुद्धा मोजतं. प्रत्यक्षात दांडा तिथे संपतो, म्हणून टोक 74 च्या आसपास राहतं. तुझे जादा 1.3 वॅट त्या नसलेल्या दांड्याचे आहेत. चूक 45 टक्क्यांची.

पितळ उष्णता चांगली वाहून नेतं म्हणूनच ही फिन आखूड ठरते, ही गोष्ट मुलांच्या लवकर लक्षात येत नाही. हाच दांडा स्टेनलेसचा असता, k 15, तर mL 2.24 झाला असता आणि लांब फिनची चूक जेमतेम 2 टक्के उरली असती. पितळेत 1 टक्क्याच्या आत यायचं तर जवळजवळ अर्धा मीटर दांडा लागेल.

पंखा लावून प्रयोग केलेल्यांना हे सहसा जाणवत नाही. h 40 झाला की mL 1.65 होतो, चूक 7 टक्क्यांवर येते, आणि मग ती रीडिंगच्या गडबडीत खपून जाते.

टोक बंद का मानता येतं? चकतीचं क्षेत्रफळ एकूण क्षेत्रफळाच्या 2 टक्के आहे, आणि तो दांड्याचा सगळ्यात गार भाग. म्हणून चूक सव्वा टक्काच. पण दांडा 12 मिमी लांबीचा, बुटका केला तर टोकाचा वाटा पाचवा हिस्सा होतो. तिथे बंद टोकाचं सूत्र सरळ 20 टक्के कमी सांगेल.

कराड_गुऱ्हाळ
विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या गुऱ्हाळाच्या काहिलीला बुडाखाली लोखंडी पिना वेल्ड करून घ्यायचा विचार आहे, 10 मिमी जाड, 25 मिमी लांब. चिपाड कमी लागेल असं वेल्डर म्हणतो. वरच्यातलं कुठलं सूत्र लावू?

कृष्णाकाठ
दादा, हा प्रश्न उलटा आहे. तुमच्याकडे उष्णता पिनेतून बाहेर जात नाही, आत येते, आणि टोक थेट जाळाकडे असतं. धुराच्या बाजूला h 30 धरला तरी बंद टोक मानल्यास 8 टक्के कमी भरतं, म्हणून टोक उघडंच धरायचं. पण जाळाची झळ कुठल्याच सूत्रात नाही, आणि काहिलीखाली तीच मोठी. नवा धागा काढा, चुलाणाचं माप द्या, सविस्तर बोलू.

हळदपेठ
आज लॅबमध्ये परत जाऊन बघून आलो. टोक खरंच मोकळं आहे, कशालाही टेकलेलं नाही. शेवटचं थर्मोकपल अगदी टोकालाच बसवलंय. अर्धा तास आकडा हलेना तोवर थांबलो: बूड 90, हवा 30, टोक 71.

म्हणजे 56 नाही हे नक्की. पण 74 पण नाही.

कृष्णाकाठ
छान केलंस. आता याच 71 वरून उलटं जा आणि h काढ. 153 मिमी धरून बंद टोकाचं सूत्र लावलंस तर h साधारण 12 येतो. लांब फिनचं लावलंस तर 2.1 येतो. साध्या हवेत उभ्या गरम दांड्याला 2 हा आकडा पटण्यासारखाच नाही. सूत्र चुकलंय हे ओळखायची ही खूण जर्नलमध्ये आवर्जून लिही.

आणि पुढचं बघ. h 10 ऐवजी 12 धरलास की उत्तर 2.82 वरून 3.27 वॅटवर जातं. म्हणजे टोक उघडं की बंद यावर आपण सव्वा टक्क्यासाठी भांडत होतो, आणि पुस्तकातून उचललेल्या h ने 14 टक्के खाल्ले.

मिरज_जंक्शन
D/4 मान्य, वहीत दुरुस्त केलं. पण 12 कशामुळे? आमच्या वेळचे दांडे काळे पडलेले असायचे. काळवंडलेलं पितळ झळ जास्त फेकतं, ती या h मध्येच मिसळते. हळदपेठ, तुमचा दांडा चकचकीत आहे का?

हळदपेठ
नाही, चॉकलेटी झालाय, बुडाकडे जास्तच काळा.

कृष्णाकाठ
मग काही भाग त्याचा असणार, पण सगळा त्याचाच असं मी म्हणणार नाही. h दांडाभर सारखा नसतो, बुडाकडे जास्त आणि टोकाकडे कमी. आपण एकच सरासरी धरतोय. शिवाय थर्मोकपलच्या तारासुद्धा थोडी उष्णता ओढतात आणि रीडिंग खाली आणतात.

हळदपेठ
लॅब असिस्टंट काकांना विचारलं. गुरुवारी दांडा चिंचेने घासायला परवानगी दिलीय. त्याच 90 वर पुन्हा टोकाचं रीडिंग घेतो आणि इथे टाकतो. जर्नलमध्ये तूर्त 153 मिमी आणि h 12 लिहितोय, 4.11 खोडलंय.