मदत हवी आहे: अडकलेल्या बिलाचा पाठपुरावा आधी कुठे करू?

नमस्कार. क्लायंटच्या व्हेंडर पोर्टलवर टाकलेलं माझं बिल मुदत उलटली तरी On Hold दाखवतंय. कारणाचा रकाना रिकामा आहे. अकाउंट्समध्ये ओळखीचं कोणी नाही. काम मंजूर करणाऱ्या मॅडमशी मात्र ईमेल आणि मेसेज दोन्ही चालतात.

पोर्टलवरची नोंद बिलालाच चिकटते, नंतर पुसता येत नाही आणि वाचणारा मला ओळखत नाही. म्हणून तिथे कोरडंच लिहिणार आहे: “पीओ आणि मंजुरीची प्रत जोडली आहे. होल्डचं कारण कळवावं.”

मॅडमना त्यांच्या मंजुरीच्या ईमेललाच उत्तर देईन, म्हणजे मंजुरी खाली आपोआप दिसेल. “देय तारीख उलटून गेली आहे. माझ्याकडून काही कागद राहिलाय का, अकाउंट्सला विचारून सांगाल का?” हे टोचतं का? मेसेज फक्त आठवणीपुरता, रक्कम न लिहिता: “मॅडम, बिलाबद्दल ईमेल केलाय, सवडीने बघाल का?”

अडलंय ते क्रमावर. आधी पोर्टलवर लिहिलं तर मॅडमना डावलल्यासारखं वाटेल. आधी त्यांना विचारलं तर अकाउंट्सकडे लेखी काहीच राहणार नाही. दोन्ही एकाच दिवशी करावं का? अकाउंट्समध्ये काम केलेल्यांनी कृपया सांगा, पोर्टलच्या नोंदी तिथे खरंच कोणी वाचतं का?