x⁴+1 : सगळीकडे फुटते, तरी अखंड

«x⁴+1 ला 2, 3, 5, 7 प्रत्येक मूळ संख्येच्या शेषांत अवयव पडतात. म्हणजे पूर्णांकांतही पडायलाच हवेत ना?»

नाही. ही कसोटी एकाच बाजूने चालते. एखाद्या p च्या शेषांत अवयव पडले नाहीत तर निकाल लागला. पडले तर काहीच सिद्ध होत नाही. मूळ संख्या बदलूनही इथे उपयोग नाही. कोणतीही विषम p घ्या, -1, 2, -2 यांतली एक तरी संख्या तिच्या शेषांत वर्ग असतेच. 5 घेतलात तर -1 = 2², म्हणून (x²+2)(x²-2). 7 घेतलात तर 2 = 3², म्हणून (x²+1)² - (3x)². परिमेय संख्यांत या तिघींपैकी एकीलाही वर्गमूळ नाही, म्हणून तिथे हा मार्ग बंद.

सिद्धता हवी तर x च्या जागी x+1 घाला: x⁴+4x³+6x²+4x+2. आता 2 घेऊन आयझेनस्टाइनची कसोटी सरळ लागते.

फोंड्यात शिकवताना मुलांची उलटी चूक जास्त दिसते. परवा एकीने फळ्यावर 2x³+3x²+3x+1 घेतली, 2 च्या शेषांत x²+x+1 उरली, तिला अवयव नाहीत, म्हणून मूळ बहुपदीलाही नाहीत असं लिहिलं. पण ती तर (2x+1)(x²+x+1) आहे! 2x+1 चा शेष नुसता 1 होतो आणि तो अवयव दिसेनासा होतो. घात 3 वरून 2 वर आला तेव्हाच थांबायला हवं होतं. p ने पहिल्या सहगुणकाला भाग जाता कामा नये.