परक्या भाषेच्या देशात पहिल्या आठवड्यात कुठलं 'नमस्कार' कामी आलं? अनुभव लिहा

निघालेली: पुढच्या महिन्यात फ्रान्सला चाललेय. अ‍ॅपवर प्राणी आणि रंग पाठ झालेत, पण लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर काय म्हणायचं ते माहीत नाही. तुमचे पहिले चार-पाच शब्द कुठले होते आणि कुठे फजिती झाली ते लिहा. दुसऱ्या देशांचंही चालेल.

जुनी_खोड: फ्रान्समध्ये अकरा वर्षं काढली, म्हणून सविस्तर लिहिते. पहिल्याच आठवड्यात एका चौकशीच्या खिडकीपाशी गेले. 'एक्स्क्यूझे मुआ' म्हणून घोकलेला प्रश्न धडाधड म्हणून टाकला. आतल्या बाई माझ्याकडे बघून फक्त 'बोंझूर' म्हणाल्या आणि गप्प. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून तोच प्रश्न मोठ्यांदा विचारला. परत 'बोंझूर, मादाम', आता जरा सावकाश. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मी 'बोंझूर' म्हटलं आणि त्यांनी लगेच हसून सगळं सांगितलं.

म्हणजे आधी बोंझूर, मग थांबायचं, समोरच्याचं बोंझूर येऊ द्यायचं आणि मगच काम काढायचं. 'माफ करा' कितीही गोड आवाजात म्हटलं तरी ते त्याची जागा घेत नाही. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला म्हणायचं, दवाखान्यात बसलेल्या अनोळखी मंडळींनाही आत शिरताना एकदा म्हणायचं.

आणि एक. ऑफिसात त्याच माणसाला दिवसातून दोनदा बोंझूर म्हणू नका, सकाळची भेट तुम्ही विसरलात असं वाटतं. दुसऱ्यांदा 'रबोंझूर' किंवा नुसतं हसणं पुरतं.

सोपं_तेच_बरं: एवढं कशाला? 'साल्यू' शिका. येतानाही तेच, जातानाही तेच. मी सगळ्यांना तेच म्हणतो, आजवर कुणी काही बोललं नाही.

जुनी_खोड: बोलणार नाहीतच! येता-जाता दोन्हीकडे चालतं हे खरं, पण ते मित्रांमधलं आहे. खिडकीपलीकडच्या बाईंना किंवा घरमालकांना म्हणजे 'काय रे' म्हटल्यासारखं होतं.

उत्तरवारा: मी जर्मनीत, हॅम्बुर्गला. इथे सगळे 'मॉइन' म्हणतात. मला वाटलं हे 'गुटन मॉर्गन'चंच आखूड रूप, म्हणून दुपारनंतर इमाने इतबारे बंद करायचो. रात्री नऊला शेजारचे आजोबा जिन्यात 'मॉइन' म्हणाले, तर मी घड्याळ बघितलं. दिवसभर चालतं ते. पण दक्षिणेला बायर्नमध्ये गेलात तर 'ग्र्युस गॉट' ऐकू येईल. फोन ठेवताना 'आउफ वीडरझेन'ऐवजी 'आउफ वीडरह्योरेन', कारण फोनवर पुन्हा भेटायचं नसतं, पुन्हा ऐकायचं असतं.

गोंधळलेला: जर्मनीचा विषय निघालाच आहे तर, बायकोच्या व्हिसासाठी ए१ परीक्षा द्यायची आहे. महिनाभरात होते का?

उत्तरवारा: दादा, वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

तिसरी_पाळी: जपानचा अनुभव. मी 'कोन्निचिवा' आणि 'सायोनारा' घेऊन गेले आणि ऑफिसात दोन्ही निरुपयोगी ठरले. सहकाऱ्यांना कोन्निचिवा म्हटलं की परक्यासारखं वाटतं. सकाळी 'ओहायो गोझाइमास', आणि नंतर जिन्यात, फोनवर, निरोप घेताना 'ओत्सुकारेसामा देस', म्हणजे साधारण 'दमलात हो'. रोज संध्याकाळी मी सायोनारा म्हणायचे. चौथ्या दिवशी शेजारच्या ताईंनी हळूच विचारलं, नोकरी सोडताय का? इतरांच्या आधी निघायचं तर 'ओसाकि नि शित्सुरेइ शिमास' म्हणायचं. लांबलचक आहे, पण पहिल्या आठवड्यातच पाठ करा. आणि दुकानात शिरल्यावर 'इराश्शाइमासे' अशी हाक आली की उत्तर द्यायचं नसतं. मी आठवडाभर प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होते.

कानसेन: उच्चाराबद्दल. बोंझूरमधला 'झ' आपल्या 'झाड'मधला नाही आणि 'झेंडा'मधलाही नाही. 'श' म्हणताना घशातून आवाज काढा, तो जवळ जातो. 'बों'मध्ये ओठ मिटू नका, मिटलेत की 'बोम' होतं.

निघालेली: खूप उपयोग झाला, जुनीखोडताई. बोंझूरचं 'बोंस्वार' नक्की किती वाजता होतं? आणि निघताना 'बॉन न्वी' चालेल ना?

जुनी_खोड: बॉन न्वी फक्त झोपायला जाताना. निघताना 'बॉन झुर्ने', संध्याकाळी 'बॉन स्वारे'. बोंस्वारच्या वेळेवर माझ्या ऑफिसात अजून वाद चालतो. मी साधारण सहाला बदलते, माझा नवरा अंधार पडल्यावर.

सोपं_तेच_बरं: म्हणून म्हणतो, साल्यू.