मदत हवी आहे : मसुदा मंजूर होईपर्यंत ग्राहकाचं म्हणणं बदलतं आणि शिळं उत्तर जातं

पारवा

ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका कंपनीचं ग्राहकसेवेचं सॉफ्टवेअर आमची छोटी टीम सांभाळते. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्राहकाचा मेसेज आला की बॉट उत्तराचा मसुदा लिहितो. तो थेट जात नाही, मंजुरीच्या रांगेत पडतो. सपोर्टमधलं कुणीतरी तो वाचतं, लागलं तर दुरुस्त करतं आणि ‘पाठवा’ दाबतं. बॉट काहीबाही बोलेल ही भीती होती म्हणून ही रांग ठेवली, आणि त्या बाबतीत ती कामाची आहेच. आता अडचण भलतीकडूनच आली आहे.

एक प्रसंग जसाच्या तसा देतो. १०:०२ ला ग्राहक म्हणतो, ‘ऑर्डर रद्द करा.’ बॉट लगेच मसुदा करतो, ‘तुमची ऑर्डर रद्द केली आहे, पैसे मूळ खात्यात परत येतील.’ १०:०५ ला आमच्या माणसाने तो उघडला आणि तेवढ्यात फोन आला म्हणून तसाच ठेवला. १०:०९ ला ग्राहकाचा दुसरा मेसेज, ‘थांबा, रद्द नको, फक्त पत्ता बदला.’ १०:१५ ला आमच्या माणसाने समोरचा मसुदा वाचला, ठीक वाटला, पाठवला. त्याच्या स्क्रीनवर दुसरा मेसेज आलेलाच नव्हता. ग्राहक साहजिकच भडकला.

म्हणजे मंजुरी झाली, माणसाने वाचलंही, तरी चूक गेली. स्क्रीन दर काही सेकंदांनी ताजी करून पाहिली. प्रकार कमी झाला, थांबला नाही. डेटाबेस पोस्टग्रेस आहे. हे मुळातून कसं बंद करायचं?

चक्रधर

सोपं आहे. मसुद्याला मुदत घाला. १० मिनिटांत मंजूर झाला नाही तर बाद, बॉटने नवा लिहायचा. शिळं काही रांगेत उरतच नाही.

सदाफुली

आमच्याकडेही हाच त्रास! सणाच्या ऑफरचे मेसेज हजारो ग्राहकांना जातात, त्याआधी मॅनेजरची मंजुरी लागते. मॅनेजर दोन दिवस बघत नाहीत आणि मग ऑफर संपल्यावर मेसेज जातो. आम्ही शेवटी दोन मॅनेजरांना अधिकार दिले. तुम्हीही माणसं वाढवून बघा.

पारवा

सदाफुली, तुमचं एकाच मजकुराचं घाऊक पाठवणं आहे. इथे प्रत्येक मसुदा एका चालू संभाषणातलं उत्तर आहे आणि समोरचा माणूस मध्येच बोलतो, हीच गोम आहे. माणसं वाढवायचा मुद्दा मात्र अगदीच गैरलागू नाही. मसुदा नीट वाचून निकालात काढायला सरासरी ४० सेकंद लागतात, म्हणजे एका माणसाचे तासाला फार तर ९०. गर्दीत तासाला १२० येतात. दोन तासांत ६० तुंबतात आणि नव्या मसुद्याला पाळी यायला ४० मिनिटं लागतात.

चक्रधर, या हिशेबात १० मिनिटांची मुदत कशी टिकेल?

मुक्ता

टिकणार नाही, उलट रांगच पुढे सरकेनाशी होईल. मसुदा १० मिनिटांनी बाद झाला, बॉटने नवा लिहिला, तो रांगेच्या शेपटाला गेला, पाळी यायच्या आत तोही बाद. स्क्रीनवर सगळे मसुदे ताजे दिसतात आणि ग्राहकाला उत्तर मात्र कधीच जात नाही. मुदत ठेवायचीच असेल तर नव्या मसुद्याला जुन्याचीच जागा द्या : रांगेचा क्रम मसुदा कधी लिहिला त्यावर न लावता, ग्राहकाचा पहिला अनुत्तरित मेसेज कधी आला त्यावर लावा.

पण मूळ दुखणं वेळेचं नाहीच. तुमचा मसुदा सात मिनिटांत शिळा झाला, दुसरा तीन तासांनीही ताजा असू शकतो. प्रश्न एवढाच, की बॉटने मसुदा लिहिताना जे संभाषण पाहिलं होतं तेच अजून आहे का. म्हणून प्रत्येक मसुद्यावर बॉटने पाहिलेल्या शेवटच्या मेसेजचा क्रमांक लिहून ठेवा आणि मंजुरीच्या क्षणी तो ताडून बघा. ही तपासणी स्क्रीनवर नको, डेटाबेसमध्ये हवी, कारण स्क्रीन कितीही वेळा ताजी केली तरी ती थोडी जुनीच असते.

```sql
BEGIN;
SELECT last_in_id FROM conversations
 WHERE id = :conv FOR UPDATE;

UPDATE drafts
   SET status = 'approved', approved_by = :user
 WHERE id = :draft
   AND status = 'pending'
   AND version = :seen_version
   AND based_on_id = :last_in_id;
COMMIT;
```

`:last_in_id` म्हणजे वरच्या ओळीने आणलेली किंमत. `UPDATE` ने शून्य ओळी बदलल्या तर मंजुरी झालीच नाही असं धरा आणि माणसाला नवा मेसेज दाखवा. येणारा मेसेज नोंदवणाऱ्या कोडनेही `conversations` ची तीच ओळ आधी लॉक करून मग `last_in_id` बदलायला हवं. दोघे एकाच दारातून आत आले नाहीत तर `FOR UPDATE` चा काही उपयोग नाही.

`version` कशासाठी, तर एकाने मसुदा उघडून ठेवलाय आणि दुसऱ्याने मधल्या वेळात त्यातला मजकूर बदलला, असं होतं. मंजुरी मसुद्याला नसते, डोळ्यांनी वाचलेल्या मजकुराला असते. आणि `status = 'pending'` मुळे दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं तरी एकाचंच लागू होतं.

चक्रधर

मुदतीचं मान्य, पण ती पूर्ण काढू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तासांनंतर मोकळा मजकूर जात नाही, आधी मंजूर करून घेतलेला टेम्प्लेटच लागतो.

मुक्ता

हे बरोबर. आणि तो घड्याळाचा काटा ग्राहकाच्या मेसेजपासून मोजा, मसुद्यापासून नको. २५ व्या तासाला कुणी मंजूर केलं तर मेसेज `131047` या एररने परत येतो. तो एरर फक्त लॉगमध्ये पडत असेल तर मंजूर करणारा समजतो गेलं, ग्राहक वाट बघत बसतो. असे मसुदे रांगेत वेगळे उठून दिसले पाहिजेत.

रातपाळी

मी त्या बटणाच्या अलीकडे बसणारा माणूस आहे, कोड लिहिणारा नाही. मुक्ताताईंची पद्धत आमच्याकडे लावली होती. पहिल्याच आठवड्यात आम्ही सगळे वैतागलो. मसुदा अर्धा दुरुस्त करून होतो आणि ग्राहक लिहितो ‘हॅलो?’. झालं, मसुदा बाद, माझं लिहिलेलं गायब. काही जण तर एक वाक्य चार मेसेजांत पाठवतात. ‘ताई’, ‘ऑर्डर’, ‘कुठे’, ‘आहे’. प्रत्येकाला नवा मसुदा.

शिवाय एकामागून एक बरोबर मसुदे येत राहिले की बोट आपसूक बटणावर जातं. वाचतोय असं वाटतं, पण वाचलेलं नसतं. हे कुणी कबूल करणार नाही, मी करतो.

मुक्ता

तक्रार रास्त आहे. बाद करणं म्हणजे पुसणं नव्हे. माणूस लिहीत असताना नवा मेसेज आला तर त्याचा मजकूर तसाच ठेवा, वर पट्टीत नवा मेसेज दाखवा आणि बटण बदलून ‘नवा मेसेज वाचला, हेच पाठवा’ असं करा. ते दाबल्यावर `based_on_id` नव्या मेसेजवर सरकवा आणि पुन्हा त्याच तपासणीतून न्या. तुकड्या-तुकड्यांत लिहिणाऱ्यांसाठी बॉटला लगेच मसुदा करू देऊ नका. ग्राहक काही सेकंद गप्प राहिला की मगच लिहायला घ्या. किती सेकंद, ते तुमच्याच संभाषणांत लागोपाठच्या दोन मेसेजांमध्ये किती अंतर असतं ते बघून ठरवा.

पारवा, तुमच्या उदाहरणात मला जास्त खटकलं ते वेगळंच. मसुदा म्हणतो ‘रद्द केली आहे’. ती रद्द कोण करतं, आणि कधी?

पारवा

मसुदा लिहिताना बॉट रद्द करण्याची विनंती नोंदवतो. मेसेज मंजूर झाला की वेगळं काम ती नोंद उचलतं. बहुतेक वेळा लगेच होतं.

मुक्ता

‘बहुतेक वेळा’ म्हणजे उरलेल्या वेळी मेसेज खोटं बोलतो. माल गाडीत चढलाय, रद्द होणं शक्य नाही, आणि ग्राहकाच्या हातात तुमचं लेखी ‘रद्द केली’. कृती आणि मेसेज यांना एकच मंजुरी द्या, क्रम मात्र ठरलेला हवा : आधी कृती, ती यशस्वी झाल्यावरच मेसेज. फसली तर मसुदा रांगेत परत, कारणासकट. मजकूर जिच्यावर टेकलाय ती माहितीही, म्हणजे ऑर्डरची स्थिती, रक्कम, तारीख, पाठवण्याआधी पुन्हा वाचा. ग्राहक गप्प असला तरी ऑर्डर गप्प नसते.

अनघा

याचं गांभीर्य वरिष्ठांना पटत नसेल तर एअर कॅनडाचं प्रकरण दाखवा. तिच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने शोकप्रसंगीच्या सवलतीबद्दल प्रवाशाला चुकीचं सांगितलं. बॉटच्या बोलण्याची जबाबदारी आपली नाही असा पवित्रा कंपनीने घेतला, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या सिव्हिल रिझोल्यूशन ट्रायब्युनलने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. तुमच्याकडे तर मधे माणूस आहे, त्यामुळे ‘बॉट बोलला’ म्हणायचीही सोय नाही.

चक्रधर

मग सगळंच मंजुरीला कशाला? ‘ऑर्डर कुठे आहे’ याचं उत्तर डेटाबेसमधून ठरलेल्या साच्यात भरता येतं, तिथे बॉटने शब्द जुळवायचेच नाहीत. ते थेट जाऊ द्या. पैसे, तारीख, रद्द, बदल यांचं आश्वासन असेल तेवढंच रांगेत.

पारवा

हे पटतंय. आमच्या १२० पैकी निम्मे तरी ‘कुठे आहे’वालेच असतात. ते वगळले तर एक माणूस पुरतो आणि मसुदा शिळा व्हायला वेळच कमी मिळतो. तपासणी आणि कृतीचा क्रम या आठवड्यात करतो.

एक अजून. पाठवणाऱ्या सेवेकडून वेळेत उत्तर आलं नाही तर आमचं काम पुन्हा पाठवतं. यात दोनदा जाण्याची शक्यता आहे ना?

मुक्ता

आहे. पाठवायला घेण्याआधी स्थिती `sending` करा आणि उत्तर आलं नाही तर आपोआप पुन्हा पाठवू नका. गेला की नाही हे स्थिती कळवणाऱ्या वेबहुकवरून कळेपर्यंत थांबा, नाहीच कळलं तर माणसाकडे द्या. ‘कुठे आहे’ दोनदा गेलं तर चालतं, ‘पैसे परत केले’ दोनदा गेलं की ग्राहक दुप्पट पैशांची वाट बघतो.

रातपाळी

सोपे मसुदे काढले की आमच्यासमोर फक्त अवघडच उरणार. मग ४० सेकंदांचा हिशेब चालणार नाही, प्रत्येकाला ऑर्डर उघडून बघावं लागेल. आणि न वाचता बटण दाबण्याचं काय?

अनघा

आम्ही रांगेत मुद्दाम चुकीचे मसुदे सोडतो, रक्कम किंवा तारीख चुकवून. मंजूर झाले तरी ते ग्राहकाला जात नाहीत. किती पकडले जातात त्यावरून वाचन चाललंय की नाही ते कळतं.

रातपाळी

आमच्याकडेही तेच केलं होतं. दोन दिवसांत सगळ्यांना ते मसुदे ओळखू यायला लागले, कारण त्यांत कधीच संभाषणाचा मागचा इतिहास नसायचा.

अनघा

मग खऱ्याच मसुद्याची प्रत घेऊन तिच्यातला एक आकडा बदला, इतिहास आपोआप येतो. फक्त खरा मसुदा तेवढा वेळ अडकतो. ग्राहकाला ताटकळत न ठेवता हे कसं करायचं, ते आम्हाला अजून जमलेलं नाही. कुणी केलं असेल तर सांगा.