दोनशे ‘पर्यंत’ म्हणजे दोनशे धरून का सोडून?

वॉर्डातली_सिस्टर (सांगली)
मेडिसिन वॉर्डला आहे मी. बासष्ट वर्षांचे आजोबा, पायाची जखम चिघळलेली, रात्रीचं ग्लार्जिन इन्सुलिन १४ युनिट चालू. शुगरचे मोठे डॉक्टर राउंडला आले आणि केसपेपरच्या कडेला घाईत लिहून गेले: रेग्युलर इन्सुलिन, जेवणाआधी. शुगर १५०–२०० ला २ युनिट, २००–२५० ला ४, २५०–३०० ला ६, ३००–३५० ला ८, त्याच्या वर १० आणि कळवा. बास.

याचा पलंगाला लावायचा तक्ता मला करायचाय, आणि मराठीत, कारण रात्रपाळीला शिकाऊ मुली असतात. संध्याकाळी मशीनवर नेमके २५० आले. मी म्हटलं ४, जोडीला होती ती म्हणाली ६. दोघींचंही बरोबर! डॉक्टरांना फोन केला तर, “अगं, दोन युनिटनं काय होतंय, पण एकच काहीतरी ठरव.” मग ‘२५० पर्यंत’ लिहू का ‘२५० च्या आत’? आणि वर मथळ्याला ‘स्लायडिंग स्केल’ला मराठी काय घालू?

शब्दशोध्या
‘पर्यंत’ म्हणजे परि अधिक अंत. अंत त्यात आहेच, त्यामुळे शेवटचा आकडा धरूनच. यात शंकेला जागा नाही. मथळ्यासाठी ‘सरकमान’ सुचवतो.

मास्तर_तासगाव
शंकेला जागा आहे. सांख्यिकी शिकवताना २०–३०, ३०–४० असे असमावेशक वर्ग घेतो, तेव्हा ३० हा आकडा पुढच्या वर्गात टाकायचा असतो. त्या हिशोबानं सिस्टरांचे २५० सहाच्या ओळीत गेले, तुमच्या परि-अंतानं चारच्या. जोडीदारीण माझ्या वर्गात बसलेली दिसते.

ऊसवाला_वाळवा
“सोमवारपर्यंत सुट्टी” म्हटल्यावर सोमवारी शाळा असती का नसती, ते आधी मास्तरांनी सांगावं. आमच्या घरात दर दिवाळीला यावरून भांडण. बाकी असला तक्ता आम्हाला नवा नाही. उसाची रिकव्हरी १०.२५ च्या वर गेली की दर ०.१ टक्क्याला भाव चढतो. आम्ही त्याला टप्पा म्हणतो. टप्प्याचा तक्ता लिहा की सरळ.

शब्दशोध्या
टप्प्यात सरकणं येत नाही. इंग्रजीत हा शब्द जुना आहे. १८२८ च्या ब्रिटिश धान्य कायद्यात धान्याचा भाव चढला की आयातीची जकात उतरायची, त्यालाही हेच नाव होतं. एक हललं की दुसरं सरकतं, हा मुद्दा. म्हणून सरकमान.

मास्तर_तासगाव
तिथं एक चढलं की दुसरं उतरत होतं. इथं साखर चढली की इन्सुलिनही चढतंय. मग ‘चढती भाजणी’ का नको?

मिरजेची_निवृत्त
भाजणी वाचून नातेवाईक चकलीचा विषय समजतील हो.

आमच्या वेळी मशीन नव्हतं. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण ५ मिली, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, मग हिरवं, पिवळं, नारिंगी, शेवटी विटकरी. ऑर्डरच अशी यायची, हिरव्याला इतकं, विटकरीला इतकं. आम्ही त्याला ‘रंगावरचं इन्सुलिन’ म्हणायचो. हिरवट-पिवळं आलं की तुमच्यासारखीच भांडणं. नळी उजेडाला धरून दोघी-तिघी बघायचो.

सिस्टर, एक सांगते. शब्द मराठी लिही, आकडे इंग्रजीत. मराठी चार घाईत बघितला की इंग्रजी आठ वाटतो आणि मराठी एक हा नऊसारखा दिसतो. मशीनवर इंग्रजी आकडे, सिरिंजवर इंग्रजी, आणि मधेच तुझा तक्ता मराठी, म्हणजे मुलीच्या डोक्यात गोंधळ. आणि ‘युनिट’ पूर्ण लिही. आकड्याला चिकटून नुसता इंग्रजी यू काढला की शून्य दिसतं, चारचे चाळीस होतात.

शब्दशोध्या
मराठी तक्त्यात इंग्रजी आकडे? मग मराठीचा अट्टहास तरी कशाला?

मिरजेची_निवृत्त
पेशंटसाठी, भाऊ.

आईचा_मुलगा
माझ्या आईलापण इन्सुलिन चालू आहे. दुकानदारानं परवा लाल टोपणाऐवजी केशरी टोपणाची सिरिंज दिली. तोच आकडा घ्यायचा ना?

निवासी_डॉक्टर
नाही! लाल टोपण मिलीला ४० युनिटच्या बाटलीसाठी, केशरी १०० च्या. बाटलीवर ४० लिहिलं असेल आणि केशरी सिरिंजवर १० च्या रेघेपर्यंत ओढलंत, तर आत चारच युनिट जातात. उलट झालं, म्हणजे १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, तर दहाच्या जागी पंचवीस. सिरिंज आजच बदलून आणा.

सिस्टर, ‘पर्यंत’वर वेळ घालवू नका. १५१–२००, २०१–२५०, २५१–३०० असं लिहा. मशीन पूर्णांकच दाखवतं, त्यामुळे कुठलाच आकडा दोन ओळींत येणार नाही. माझी काळजी पहिल्या ओळीची आहे. १५० आणि त्याखाली काय लिहिणार?

वॉर्डातली_सिस्टर (सांगली)
‘काही नाही’ असं लिहिलं होतं. सरांनी त्याखालचं काहीच दिलेलं नव्हतं.

निवासी_डॉक्टर
तिथंच घात होतो. मी आधी जिथं होतो तिथली गोष्ट. रात्री झोपताना शुगर १३८. तक्त्यात ‘इन्सुलिन नाही’. नवीन सिस्टरनं प्रामाणिकपणे रात्रीचं ग्लार्जिनही दिलं नाही. सकाळी ३१८. तक्ता फक्त जेवणाआधीच्या रेग्युलरचा होता, पण शब्दांत ते कुठं होतं? मग सकाळी ३१८ ला तक्त्याप्रमाणे ८ दिले आणि दिवसभर शुगरच्या मागे पळत बसलो.

दुसरं टोक आणखी वाईट. मशीनवर ६२ आले आणि ओळ म्हणते ‘काही नाही’, तर मुलगी काही करणार नाही, आणि ६२ ला काही न करून चालत नाही.

मास्तर_तासगाव
म्हणजे ‘नाही’ कशाला लागू, हाच प्रश्न. व्याकरणाचाच निघाला.

वॉर्डातली_सिस्टर (सांगली)
सरांना पुन्हा विचारून खालच्या दोन ओळी अशा केल्या.

७१ ते १५०: या वेळचं रेग्युलर नाही. रात्रीचं ग्लार्जिन ठरल्याप्रमाणे द्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय चुकवू नका.
७० किंवा खाली: रेग्युलर नाही. शुद्धीत असतील, गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून. डॉक्टरांना लगेच कळवा. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. गुंगीत असतील तर तोंडानं काही देऊ नका, शिरेतून ग्लुकोजसाठी डॉक्टरांना हाक मारा.

वरची शेवटची ओळ ‘३५१ किंवा जास्त: १० युनिट आणि कळवा’. खाली सरांची सही घेतली. तक्त्याला हे जोडायचा अधिकार माझा नाही.

मिरजेची_निवृत्त
छान. जेवणाच्या वेळेचं पण लिही. टोचल्यावर अर्ध्या तासात ताट समोर पाहिजे. आमच्याकडं ताट चार वॉर्ड फिरून यायचं, तोवर माणूस घामानं डबडबलेला.

निवासी_डॉक्टर
आणि हे आजोबा उद्या ऑपरेशनसाठी उपाशी राहिले तर हा तक्ता काढून ठेवा, नवी ऑर्डर घ्या. शिवाय दोन-तीन दिवस रोज ६ आणि ८ च्याच ओळी भरत असतील तर सरांना दाखवा. तेव्हा नुसतं तक्त्यावर चालवत राहायचं नसतं, ग्लार्जिनचा डोस बघायचा असतो.

ऊसवाला_वाळवा
आणि मथळा?

वॉर्डातली_सिस्टर (सांगली)
‘जेवणाआधीच्या इन्सुलिनचा तक्ता’ लिहिलं. आकडे इंग्रजीत. सरकमान राहिलं, भाऊ.

शब्दशोध्या
‘तक्ता’ फारसी आहे, एवढं नोंदवून ठेवतो. ‘सारणी’ चाललं असतं.

ऊसवाला_वाळवा
सारणीनं आम्ही उसाला पाणी देतो.