टाचण खोडलं तेव्हा

> पहिलाच उपक्रम फसला तर उरलेला तास काढायचा कसा?

एक गोष्टच सांगते. नव्या बाई, पाचवीचा वर्ग, अपूर्णांकांची बेरीज. आधी १/२, १/४, १/८ अशी कार्डं लहान-मोठी लावायची होती. जवळजवळ सगळ्यांनी १/८ सर्वांत मोठा ठरवला. आठ मोठे ना!

बाईंनी टाचणातली बेरीज खोडली (नवख्या माणसाला हे जड जातं) आणि सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या वाटल्या. एक पट्टी एकदा दुमडून अर्धी, दुसरी तीनदा दुमडून आठ भाग. मागच्या बाकावरची मुलगी दोन्ही शेजारी धरून बघत राहिली.

"बाई, वाटे वाढले की वाटा बारीक होतो."

ते वाक्य तसंच फळ्यावर गेलं. टाचणाच्या समासात बाईंनी लिहिलं : बेरीज उद्या.