आधी फाइली, मग लॅपटॉप

> "काल रात्रीपासून लॅपटॉप सुरूच होत नाही. प्रबंधाची एकमेव प्रत त्यातच आहे. विंडोज नव्याने टाकू का?"

विंडोज तूर्त टाकू नये, कारण त्या खटाटोपात जुन्या फाइलींच्या जागेवर नवी माहिती लिहिली जाऊ शकते. चार्जर काढून पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून धरावे आणि चार्जर पुन्हा जोडून एकदा सुरू करून पाहावे. तरीही दिवा लागत नसेल व पंखा फिरत नसेल, तर दोष बहुधा वीजपुरवठ्यात किंवा मदरबोर्डात असतो आणि डिस्क सहसा शाबूत असते. माझ्या बाबतीत असेच झाले, तेव्हा मागचे झाकण उघडून एका स्क्रूने बसवलेली, च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी डिस्क काढली, ती यूएसबीने जोडता येणाऱ्या डबीत म्हणजे एन्क्लोजरमध्ये घातली आणि मित्राच्या संगणकावर फाइली उतरवून घेतल्या. तिथे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकरने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळाली, पण पासवर्ड आठवण्यातच तासभर गेला. काही पातळ लॅपटॉपांत एसएसडी बोर्डावरच डाख देऊन बसवलेली असते, तिथे हा मार्ग चालत नाही.

जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र पुन्हा सुरू करून पाहणेही थांबवावे आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडेच जावे. दुरुस्तीला देताना ‘फॉरमॅट करू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे.